गन टाइम, चिप टाइम आणि मॅटची चूक: निकालाबद्दल आयोजकांना पत्र कसं लिहावं

पहिली हाफ मॅरेथॉन संपली, मेडल गळ्यात पडलं, आणि संध्याकाळी मोबाइलवर निकालाची लिंक आली. तिथे एकाच नावापुढे दोन वेळा दिसतात. एकीवर Gun Time लिहिलेलं असतं, दुसरीवर Net Time किंवा Chip Time. बहुतेकांचं लक्ष त्यातल्या कमी आकड्याकडे जातं आणि ते पान बंद करतात. पण काहींच्या निकालात दोन्ही आकडे सेकंदापर्यंत सारखे असतात. मनगटावरच्या घड्याळात मात्र त्याहून पाच-सात मिनिटं कमी वेळ असते. या लेखात मुख्यतः याच चुकीबद्दल लिहिलं आहे. नव्या धावकांच्या वाट्याला ती वारंवार येते, वेळेवर आणि नीट पत्र लिहिलं तर बऱ्याचदा दुरुस्त होते, पण ती चूक आहे हेच अनेकांच्या लक्षात येत नाही.

दोन वेळा कशासाठी

शर्यत सुरू झाल्याचा इशारा होतो त्या क्षणापासून तुम्ही फिनिश लाइन ओलांडेपर्यंतची वेळ म्हणजे गन टाइम. तुम्ही गर्दीत कितीही मागे उभे असलात तरी ती त्या इशाऱ्यापासूनच मोजली जाते. तुमचा पाय स्टार्ट लाइनवरच्या मॅटवर पडतो तिथपासून फिनिशच्या मॅटपर्यंतची वेळ म्हणजे चिप टाइम, म्हणजेच नेट टाइम. चार-पाच हजार लोकांच्या शर्यतीत मागे उभ्या असलेल्या माणसाला स्टार्ट लाइनपर्यंत चालत यायलाच कित्येक मिनिटं लागतात. ती मिनिटं गन टाइममध्ये धरली जातात, चिप टाइममध्ये नाहीत.

मग गन टाइम ठेवायचाच कशाला, असं नवीन धावक विचारतात. कारण शर्यत ही आधी शर्यत आहे. जो सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडतो तो जिंकतो, आणि हे रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मागून निघालेल्या एखाद्याचा चिप टाइम कमी भरला म्हणून दोन तासांनंतर विजेता बदलला, तर पुढे धावणाऱ्यांना आपण कोणाशी झुंजतोय हेच कळणार नाही. म्हणूनच वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या नियमांत गन टाइम हीच अधिकृत वेळ मानली आहे. स्टार्ट लाइनपासूनची वेळ धावकाला कळवता येते, एवढीच तिथे मुभा आहे. आपल्याकडच्या बहुतेक शर्यतींत पहिल्या तिघांची बक्षिसं गन टाइमवर ठरतात. वयोगटाच्या बक्षिसांचा नियम शर्यतीगणिक बदलतो, म्हणून माहितीपत्रक वाचूनच बोलावं.

बाकीच्या हजारो धावकांसाठी चिप टाइम महत्त्वाचा, कारण तो त्यांचं खरं धावणं मोजतो. बोस्टन मॅरेथॉनची पात्रता वेळ चिप टाइमवर धरली जाते. मुंबई मॅरेथॉनसारख्या मोठ्या शर्यतीत आधीच्या टायमिंग सर्टिफिकेटवरून धावकांना पुढच्या किंवा मागच्या विभागात उभं करतात. उलट बाजूला दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन आहे. पुण्या-मुंबईचे कितीतरी लोक दरवर्षी तिथे जातात. तिथे बारा तासांची मुदत बंदुकीपासून मोजतात. स्टार्ट लाइनपर्यंत पोहोचायला तुम्हाला दहा मिनिटं लागली तर ती तुमच्याच बारा तासांतून जातात. त्यामुळे आपल्याला कोणती वेळ हवी आहे आणि कशासाठी, हे पत्र लिहिण्याआधी स्वतःशी स्पष्ट असावं. बक्षीस गन टाइमवर ठरणार असेल, तर चिप टाइम दुरुस्त झाल्याने क्रमांक बदलणार नाही.

मॅटवर नेमकं काय घडतं

बिबच्या मागे चिकटवलेली पातळ पट्टी म्हणजे चिप. तिच्यात बॅटरी नसते आणि घड्याळही नसतं. मॅटखालचा अँटेना रेडिओ लहरी सोडतो, त्या लहरींच्या जोरावर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. शेजारी ठेवलेला रीडर त्या क्रमांकापुढे स्वतःच्या घड्याळातली वेळ नोंदवतो. म्हणजे वेळ नेहमी रीडरची असते, चिप फक्त ओळख पटवते. एवढं कळलं की चूक कुठे झाली असेल याचा अंदाज तुम्हालाही बांधता येतो.

मॅट ओलांडताना एक चिप अनेकदा वाचली जाते. त्या सगळ्या नोंदींमधून एकच निवडावी लागते. फिनिशला सहसा पहिली नोंद धरतात. स्टार्टला बहुधा शेवटची नोंद धरतात, कारण लोक वॉर्म-अप करताना आणि फोटो काढताना मॅटवरून ये-जा करत असतात.

अशा लहरी पाणी आणि धातू यांच्यापुढे हतबल होतात, आणि माणसाचं शरीर बरंचसं पाणीच आहे. बिब कमरेच्या पट्ट्याखाली दडपलं, घडी घालून लावलं, त्यावर जाकीट किंवा पाण्याची बाटली आली, तर वाचन चुकू शकतं. स्टार्टला धोका आणखी वाढतो. खांद्याला खांदा लावून दहा-बारा जण एकाच वेळी मॅटवरून जातात आणि एकाचं शरीर दुसऱ्याच्या चिपच्या आड येतं. काही जण गर्दी टाळायला दुभाजकाच्या कडेने, मॅटच्या बाहेरून निघतात. कधी केबल सैल झालेली असते, कधी जनरेटर थांबतो आणि दोन-तीन मिनिटं मॅट मुकी राहते. फिनिशला लोक पांगलेले असतात, त्यामुळे तिथे वाचन सहसा चुकत नाही. चांगली टायमिंग टीम स्टार्टला आणि फिनिशला दोन-दोन ओळी मॅट टाकते. पहिली मुख्य, दुसरी राखीव. ही राखीव ओळ पत्रासाठी फार उपयोगाची आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

आता मूळ प्रश्नाकडे. स्टार्टची नोंद मिळालीच नाही तर सॉफ्टवेअरला चिप टाइम काढता येत नाही. रकाना रिकामा ठेवण्याऐवजी अनेकदा तिथे गन टाइमच भरला जातो. दोन्ही आकडे सारखे दिसण्यामागचं नेहमीचं कारण हे. तुम्ही पहिल्या ओळीत उभे असाल तर फरक दोन-तीन सेकंदांचा असतो आणि तो शून्य दिसला तरी फारसं बिघडत नाही. पण तुम्ही मागच्या विभागात होता आणि तरीही फरक शून्य दाखवत असेल, तर स्टार्टच्या मॅटने तुम्हाला पाहिलेलं नाही.

पहिलं काम: चूक तुमची एकट्याची की सगळ्यांची

पत्राच्या आधी शेजाऱ्यांचे निकाल काढा. ग्रुपमधले जे तुमच्याबरोबर उभे राहिले आणि तुमच्याबरोबरच निघाले, त्यांचे बिब क्रमांक टाकून दोन्ही वेळा पाहा. त्यांचा फरक नीट दिसतोय आणि फक्त तुमचा शून्य आहे, तर तुमची चिप वाचली गेली नाही. तुमच्या आसपास निघालेल्या अनेकांचा फरक शून्य आहे, तर त्या मिनिटांत मॅट बंद होती. सगळ्यांचे चिप टाइम घड्याळापेक्षा एकाच प्रमाणात, समजा चाळीस सेकंदांनी, जास्त किंवा कमी असतील, तर स्टार्ट आणि फिनिशच्या रीडरची घड्याळं जुळलेली नव्हती. आणि तुमच्या गन आणि नेटमधला फरक शेजाऱ्यांच्या फरकापेक्षा दहा मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी असा ठोक वेगळा असेल, तर तुम्हाला चुकीच्या लाटेत टाकलं असण्याची शक्यता मोठी. मोठ्या शर्यतींत गट वेगवेगळ्या वेळी सोडतात आणि प्रत्येक गटाचा गन टाइम वेगळा असतो.

हे पाहण्यात पंधरा मिनिटं जातात, पण पत्राचा सूर त्यावरच ठरतो. मॅटच बंद पडली असेल तर आयोजकांना ते बहुधा आधीच कळलेलं असतं आणि ते सगळ्यांचा निकाल एकदम दुरुस्त करतात. अशा वेळी एकट्याने भांडण्यापेक्षा ग्रुपमधल्या सर्वांचे बिब क्रमांक एकाच पत्रात द्यावेत.

दुसरं काम: घड्याळातून योग्य आकडा काढणं

घड्याळाचा पुरावा हवाच, पण त्यात दोन सापळे आहेत. पहिला ऑटो-पॉजचा. पाणी प्यायला थांबलात तर अनेक घड्याळं आपोआप थांबतात आणि शेवटी फक्त हालचालीची वेळ दाखवतात. स्ट्रावावर ती Moving Time म्हणून दिसते. आपल्याला Elapsed Time हवा, म्हणजे सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत सरळ गेलेला वेळ. दुसरा सापळा अंतराचा. घड्याळात 21.35 किलोमीटर दिसतात म्हणून मार्ग लांब होता, अशी तक्रार त्याच पत्रात जोडण्याचा मोह होतो. जीपीएसमध्ये एवढा फरक नेहमीचा आहे. तो मुद्दा मध्ये आणला की वाचणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं आणि खरा मुद्दा मागे पडतो.

याहून भक्कम गोष्ट म्हणजे धावण्याची GPX फाइल. स्ट्रावाच्या किंवा गार्मिनच्या वेबसाइटवरून ती उतरवून घेता येते आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. प्रत्येक बिंदूपुढे अशी ओळ असते:

```
<time>2025-12-07T00:36:31Z</time>
```

शेवटचा Z म्हणजे ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते, इथे सकाळचे 6:06:31. ही वेळ घड्याळाला उपग्रहांकडून मिळते, त्यामुळे ती सेकंदापर्यंत विश्वासार्ह असते. तुम्ही स्टार्टच्या मॅटवर बटण दाबलं असेल, तर फाइलमधली पहिली ओळ म्हणजेच तुमची स्टार्टची वेळ. बटण आधीच दाबून होल्डिंग एरियात उभे राहिला असाल, तर नकाशावर तुम्ही स्टार्ट लाइन कुठे ओलांडली तो बिंदू शोधावा लागतो. थोडं किचकट आहे, पण जमतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा हाफ मॅरेथॉन आहे. गन बरोबर 6:00:00 ला झाली. आपली धावक दोन तासांच्या पेसरच्या थोडी मागे, गर्दीच्या मध्यावर उभी होती. मॅटवर पाय पडताच तिने घड्याळ सुरू केलं, 10 किलोमीटरच्या मॅटवर लॅपचं बटण दाबलं आणि फिनिशला बंद केलं. घड्याळात एकूण 1:58:41 दिसले. आयुष्यात पहिल्यांदा दोन तासांच्या आत. संध्याकाळी निकाल आला: गन टाइम 2:05:12, नेट टाइमही 2:05:12.

फरक काढू. 2:05:12 मधून 1:58:41 वजा केले की 6 मिनिटं 31 सेकंद उरतात. म्हणजे तिच्या घड्याळानुसार ती गननंतर 6:31 ने निघाली, सकाळी 6:06:31 ला. पण हा अजून फक्त तिचा दावा आहे. तो दुसऱ्या वाटेने तपासता येतो, आणि इथेच 10 किलोमीटरची मॅट कामाला येते. निकालाच्या पानावर तिथली नोंद गनपासून 1:02:05 अशी आहे, म्हणजे ती मॅट तिला वाचू शकली. तिच्या घड्याळात लॅप 55:34 चा आहे. यांचा फरकही बरोबर 6:31.

हे जुळणं पुराव्याच्या दृष्टीने फार मोलाचं आहे, म्हणून जरा थांबून पाहू. आयोजकांच्या दोन वेगवेगळ्या मॅटनी तिला वाचलं, आणि दोन्ही ठिकाणी त्यांची वेळ व तिचं घड्याळ यांच्यातलं अंतर एकच राहिलं. याचा अर्थ मधल्या 11 किलोमीटरमध्ये घड्याळ कुठेही थांबलं नाही. ते मध्येच थांबलं असतं, तर 10 किलोमीटरला 6:31 आणि फिनिशला 7:16 असा वाढता फरक दिसला असता, आणि मग ते 45 सेकंद ऑटो-पॉजचे आहेत हे कोणीही ओळखलं असतं. तुमच्या आकड्यांत असा वाढता फरक निघाला तर पहिल्या मॅटवरचा फरक खरा धरा आणि पत्रात तोच द्या.

आता शेजारी. तिच्याबरोबर उभ्या असलेल्या तिघांच्या निकालांत गन आणि नेटमधला फरक 6:28, 6:30 आणि 6:33 असा आहे. ती त्यांच्यामध्येच बसते. शेवटची तपासणी वेगाची. 6:31 वजा करून पाहिलं तर तिचे पहिले 10 किलोमीटर प्रत्येकी सुमारे 5:33 मिनिटांनी गेले आणि उरलेले 11.1 किलोमीटर सुमारे 5:41 ने, म्हणजे थोडी दमत गेली, जसं बहुतेकांचं होतं. निकालातला नेट टाइम खरा मानला तर पहिले 10 किलोमीटर 6:12 च्या वेगाने गेले आणि नंतर तिने प्रत्येक किलोमीटरमागे अर्धा मिनिट वेग वाढवला असं मानावं लागतं. अशक्य नाही, पण बाकीच्या पुराव्यापुढे टिकत नाही.

फोटोही पाहावेत. शर्यतीच्या फोटोग्राफरने स्टार्टला काढलेल्या फोटोत तुमचं बिब आणि मागे गनचं मोठं घड्याळ दोन्ही दिसत असेल, तर त्याहून सरळ पुरावा नाही. मित्राने मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या तपशिलातही वेळ असते. तो व्हॉट्सॲपवरून घेऊ नका, कारण तिथून आलेल्या फोटोत मूळ वेळ बहुधा राहत नाही. मूळ फाइल ईमेलने मागवा.

कधी आणि कोणाला लिहायचं

शर्यतीनंतर लगेच लागतो तो बहुधा तात्पुरता निकाल असतो. पानावर कुठेतरी Provisional असं लिहिलेलं दिसेल. दुरुस्तीची खरी संधी याच काळात असते. मुदत माहितीपत्रकात दिलेली असेल तर ती पाळा, नसेल तर दोन दिवसांच्या आत लिहा. टायमिंग टीम पुढच्या रविवारी दुसऱ्या गावी दुसऱ्या शर्यतीत असते आणि जुन्या नोंदी उघडायला मग कोणाला वेळ नसतो. बक्षिसाच्या क्रमांकाबद्दल हरकत असेल तर मात्र दोन दिवसही चालत नाहीत. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या नियमांनुसार निकालावरची हरकत तो अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासात घ्यावी लागते, आणि ती मैदानावरच्या अधिकाऱ्याकडे, समोरासमोर.

पत्र आयोजकांना पाठवा. निकालाच्या पानावर टायमिंग कंपनीचा पत्ता असेल तर त्यांना प्रत पाठवा, पण नोंदणी तुम्ही आयोजकांकडे केली आहे आणि निकाल बदलण्याचा निर्णय तेच देतात. इन्स्टाग्रामवर कॉमेंट टाकून किंवा ग्रुपवर चिडून काम होत नाही. ते वाचणारा सोशल मीडिया सांभाळणारा मुलगा असतो, रीडरच्या नोंदी त्याच्याकडे नसतात. ईमेल करा, आणि विषयाच्या ओळीत बिब क्रमांक आणि गट लिहा. शंभर ईमेलच्या ढिगातून तेवढंच वाचून तुमचं पत्र योग्य माणसाकडे जातं.

पत्रात एकच मागणी असावी. आणि ती "माझी वेळ 1:58:41 करा" अशी नसावी. घड्याळाचे आकडे लावून निकाल बदलायला कोणतीही जबाबदार टीम तयार होणार नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक जण आपलं घड्याळ घेऊन येईल. तुम्ही त्यांना त्यांच्याच नोंदी पुन्हा पाहायला सांगायचं आहे: राखीव मॅटची नोंद, रीडरच्या मूळ नोंदी, स्टार्टचं चित्रीकरण. मुख्य मॅटने सोडलेली चिप राखीव मॅटने पकडलेली असते, असं बऱ्याचदा निघतं. ती नोंद मिळाली की दुरुस्ती दोन मिनिटांची. तुमचे आकडे फक्त त्यांनी नेमकं कुठे पाहायचं ते दाखवतात. "6:06:20 ते 6:06:40 या वेळेतल्या नोंदी पाहाव्यात" असं लिहिलं की त्यांना हजारो ओळी चाळाव्या लागत नाहीत.

पत्राचा नमुना

> प्रति,
> शर्यत संचालक,
> (शर्यतीचं नाव)
>
> विषय: बिब क्र. 3217, हाफ मॅरेथॉन (महिला, 35 ते 39): स्टार्ट मॅटची नोंद तपासण्याबाबत विनंती
>
> महोदय / महोदया,
>
> दि. 7 डिसेंबर रोजी झालेल्या आपल्या हाफ मॅरेथॉनमध्ये मी बिब क्र. 3217 वर सहभागी झाले होते. नोंदणी (नोंदणीतलं पूर्ण नाव) या नावाने आहे. तात्पुरत्या निकालात माझा गन टाइम आणि नेट टाइम दोन्ही 2:05:12 असे दिसतात. मी मधल्या विभागातून सुरुवात केली होती, त्यामुळे माझ्या चिपची स्टार्टची नोंद झाली नसावी असं वाटतं.
>
> माझ्या घड्याळानुसार मी स्टार्ट लाइन सकाळी 6:06:31 च्या सुमारास ओलांडली. 10 किलोमीटरच्या मॅटवर आपल्या निकालात गनपासून 1:02:05 अशी नोंद आहे आणि माझ्या घड्याळात त्याच ठिकाणी 55:34 आहेत. फिनिशला आपली नोंद 2:05:12 आणि माझं घड्याळ 1:58:41 असं आहे. दोन्ही ठिकाणी फरक 6 मिनिटं 31 सेकंद इतकाच येतो. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या बिब क्र. (तीन क्रमांक) यांच्या गन आणि नेट टाइममधला फरक 6:28 ते 6:33 इतका आहे.
>
> आपल्याकडे स्टार्टला राखीव मॅटची किंवा रीडरची मूळ नोंद असल्यास सकाळी 6:06:20 ते 6:06:40 या वेळेतल्या नोंदी कृपया तपासाव्यात. माझी नोंद मिळाल्यास नेट टाइम दुरुस्त करून सुधारित टायमिंग सर्टिफिकेट द्यावं, ही विनंती. गन टाइम आणि क्रमांक याबद्दल माझी कोणतीही हरकत नाही.
>
> सोबत: धावण्याची GPX फाइल, घड्याळातल्या लॅपचा स्क्रीनशॉट, निकालाचा स्क्रीनशॉट, स्टार्टचा एक फोटो.
>
> शर्यतीची आणि मार्गावरच्या स्वयंसेवकांची व्यवस्था चांगली होती, त्याबद्दल आभार.
>
> आपली,
> (नाव, मोबाइल क्रमांक)

शेजाऱ्यांचे बिब क्रमांक देण्याआधी त्यांना विचारा. निकाल सगळ्यांना दिसत असले तरी दुसऱ्याचं नाव तक्रारीत आलेलं काहींना आवडत नाही. निकालाच्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, कारण पान मधल्या काळात बदलू शकतं आणि मग तुम्ही कशाबद्दल लिहिलं होतं हे दाखवायला काही उरत नाही. पुरावा फाइल म्हणून जोडा. स्ट्रावाची लिंक दिली आणि तुमचं खातं खाजगी असेल तर समोरच्याला काहीच दिसत नाही. गन टाइमबद्दल हरकत नाही हे वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. त्याने पत्र वाचणाऱ्याला कळतं की हा वाद बक्षिसाचा नाही, आणि दुरुस्ती करायला त्याचा हात मोकळा होतो.

टायमिंग टीम परराज्यातली असेल तर हेच पत्र इंग्रजीत पाठवा. आकडे जसेच्या तसे ठेवा, त्यांचा क्रमही बदलू नका.

उत्तर आल्यावर

नोंद सापडली तर एक-दोन सेकंदांच्या फरकाने नेट टाइम येईल, समजा 1:58:43. तो स्वीकारा. बटण दाबायला उशीर होतो किंवा आधी दाबलं जातं, तेवढा फरक चालायचाच.

नोंद कुठेच सापडली नाही तर काही आयोजक आसपासच्या धावकांवरून अंदाजे वेळ देतात, काही निकालात टीप घालतात, आणि काही नम्रपणे नकार देतात. नोंद नसताना वेळ न देणं हा त्यांचा अधिकार आहे. अशा वेळी एवढंच मागा की स्टार्टची नोंद मिळाली नाही हे त्यांनी ईमेलमध्ये लिहून द्यावं. पुढच्या एखाद्या शर्यतीत पुढच्या विभागासाठी अर्ज करताना सर्टिफिकेटबरोबर हा ईमेल आणि GPX फाइल जोडता येते. ते मानायचं की नाही हे तिथले आयोजक ठरवतील, पण नुसत्या घड्याळापेक्षा आयोजकांचं लेखी उत्तर जास्त वजनदार ठरतं.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलच्या साखळीत दोन ओळी लिहा: "दि. 8 डिसेंबरच्या ईमेलबाबत. अंतिम निकाल लागण्याआधी बिब क्र. 3217 ची स्टार्टची नोंद तपासता आली का, हे कळवावं ही विनंती." नवीन ईमेल सुरू करू नका, नाहीतर जोडलेले सगळे पुरावे त्यापासून तुटतात.

निकालात तुमचं नावच नसेल, किंवा नावापुढे DNF, म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही, असं लिहिलेलं असेल, तर प्रश्न फिनिशच्या मॅटचा आहे आणि पुराव्याची दिशा उलटी होते. तिथे स्टार्टची नोंद आणि 10 किलोमीटरची नोंद आयोजकांकडे असते, तुम्हाला फिनिश सिद्ध करायचं असतं. फिनिशचा फोटो, तिथल्या घड्याळाचं चित्र, आणि GPX फाइलमधला फिनिशच्या जागेवरचा शेवटचा बिंदू, हे तीन पुरावे द्या. मधल्या एखाद्या मॅटची नोंद नसल्यामुळे मार्ग अर्धवट सोडल्याचा संशय घेऊन बाद केलं असेल, तर GPX फाइलमधला पूर्ण मार्ग, विशेषतः यू-टर्नचा भाग, नकाशावर दाखवा आणि तिथल्या बिंदूची वेळ पत्रात लिहा.

आणि एक तपासणी पत्र पाठवण्याच्या आधीच करून टाका: तुमच्या अंगावर खरंच तुमचंच बिब होतं ना. नवरा-बायको, बाप-लेक किंवा ऑफिसातले सहकारी एकत्र बिब घेऊन येतात, सकाळी साडेचारला अंधारात पिना लावतात आणि बिबांची अदलाबदल होते. दोघांचे निकाल उघडून पाहिले की ते लगेच उघड होतं. तसं असेल तर मॅटने काहीच चुकवलेलं नाही. मग पत्रात दोन्ही बिब क्रमांक देऊन, कोणी कोणतं लावलं होतं ते सरळ सांगून नावं बदलायची विनंती करावी लागते, आणि बक्षीस किंवा पात्रता गुंतलेली असेल तर आयोजक ती नाकारूही शकतात.